'दामदुप्पट' म्हणजे नेमके किती टक्के? तारखा लपवणाऱ्यांचा हिशोब

आमच्याकडे स्टँडवरून बाजारपेठेत शिरताना सध्या ओळीने तीन फ्लेक्स लागलेत. एका पतसंस्थेचा, 'दामदुप्पट ठेव योजना'. एका विमा प्रतिनिधीचा, '१० लाख भरा, २० लाख मिळवा'. तिसरा नुसताच, '१०० टक्के परतावा, खात्रीशीर'. तिन्हींवर हसरी जोडपी आहेत, तिन्हींवर रुपयांच्या थप्प्या आहेत. किती वर्षांत, हे मात्र मोटारसायकलवरून जाणाऱ्याला वाचता येईल अशा अक्षरात एकावरही नाही. एकावर खाली मुंगीएवढ्या टायपात 'अटी लागू' आहे, तेवढंच.

माझं म्हणणं सरळ आहे. परताव्याचा आकडा मोठा छापायचा आणि तारीख बारीक छापायची किंवा छापायचीच नाही, ही लोकांची फसवणूक आहे. ती कायद्याच्या कक्षेत बसो न बसो. कारण तारखेशिवाय परताव्याच्या आकड्याला काही अर्थच नसतो.

गंमत बघा, 'दामदुपट' हा शब्द मुळात कर्जदाराच्या बाजूचा. जुन्या हिंदू कायद्यातला नियम होता तो: सावकाराने एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करायचं नाही. गरिबाच्या संरक्षणाचा शब्द आज गरिबाला गळ टाकायला वापरतात.

आता हिशोब. लाखाचे दोन लाख झाले, तर १०० टक्के परतावा झाला हे खरंच आहे. याला निव्वळ किंवा ॲब्सोल्यूट परतावा म्हणतात. पण हे पाच वर्षांत झालं असेल तर वर्षाला चक्रवाढीने १४.९ टक्के पडले. दहा वर्षांत झालं तर ७.२ टक्के. पंधरा वर्षांत ४.७ आणि वीस वर्षांत अवघे ३.५ टक्के. चारही ठिकाणी फ्लेक्सवर '१०० टक्के'च लिहिता येतं आणि चारही ठिकाणी ते खोटं नसतं. हा जो वर्षाचा चक्रवाढ दर, त्यालाच सीएजीआर म्हणतात. पोस्टाचं किसान विकास पत्र एप्रिल २०२३ पासून ११५ महिन्यांत दुप्पट होतं, आणि पोस्टात ११५ महिने हा आकडाही लिहितात आणि साडेसात टक्के हा दरही लिहितात. लपवायचं काही नसलं की असं लिहिता येतं.

यातलीच एक हातचलाखी मुदत ठेवीत चालते. दसादशे ७ टक्के दराने, तिमाही चक्रवाढीने दहा वर्षं पैसे ठेवले तर ते जवळपास दुप्पट होतात. मग विकणारा म्हणतो, दहा वर्षांत १०० टक्के, म्हणजे वर्षाला १० टक्के पडले ना काका! काका मान डोलावतात. ७ टक्क्यांची ठेव १० टक्क्यांची झाली, कागदावर एक पैसा न वाढता. एकूण परताव्याला वर्षांनी भागलं की मिळतो तो आकडा सरळव्याजाचा. चक्रवाढीच्या दराशेजारी तो मांडणं म्हणजे किलोच्या मापाशेजारी पौंडाचं माप ठेवणं.

इथवर बऱ्याच जणांना माहीत असतं. खरा घोळ पुढे आहे, आणि तो मी गेल्या वर्षभरात दोन-चार घरांत प्रत्यक्ष बघितला म्हणून ही पोस्ट लिहितोय. सीएजीआर हे माप एकरकमी पैशाचं आहे. एकदा टाकले, एकदा काढले. आपल्यातले किती जण असे पैसे गुंतवतात? आपण महिन्याच्या महिन्याला टाकतो, कधी चुकवतो, कधी जास्त टाकतो. तिथे सीएजीआर लावला की उत्तर साफ चुकतं, आणि या वेळी उलट्या दिशेला चुकतं.

नियमित एसआयपीचं उदाहरण घ्या. महिन्याला ५,००० रुपये, दहा वर्षं. टाकले ६ लाख, झाले १० लाख. निव्वळ परतावा ६६.७ टक्के. आता कुणी सहाचे दहा, दहा वर्षांत असा सीएजीआर काढला तर येतो ५.२ टक्के. 'बँकेच्या ठेवीपेक्षा कमी, काय उपयोग तुमच्या म्युच्युअल फंडाचा?' असं म्हणायला मोकळे. पण ते ६ लाख दहा वर्षं फंडात होतेच कुठे? पहिला हप्ता दहा वर्षं होता, शेवटचा एकच महिना होता. सरासरी काढली तर प्रत्येक रुपया साधारण पाच वर्षं होता. हे धरून दर काढला की तो ९.९ टक्क्यांच्या आसपास येतो. एकाच खात्याचे तीन आकडे: ६६.७, ५.२ आणि ९.९. ज्याला जे विकायचं असेल तो त्यातला सोयीचा उचलतो.

आता ज्या ताईंमुळे मी हे सगळं मांडतोय त्यांच्याबद्दल. आमच्या भागात शिलाईकाम करतात. नाव देत नाही. पैसा लग्नसराईत येतो, दिवाळीत येतो, मधे ओढाताण. एसआयपी लावली होती, दोन हप्ते बँकेतून परत गेले, दंड बसला, मग त्यांनी ती बंद करून हातात येतील तेव्हा टाकायचे असं ठरवलं. एप्रिल २०२१ मध्ये १०,०००, मास्क शिवून आलेले. ऑक्टोबर २०२१ मध्ये १०,०००. एप्रिल २०२२ मध्ये १०,०००. जानेवारी २०२३ मध्ये शाळांच्या स्नेहसंमेलनांच्या पोशाखांचं काम मिळालं तेव्हा ३०,०००. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये भिशी लागली, त्यातले ६०,०००. प्रत्येक वेळी दहा तारखेला. एकूण १,२०,०००. एप्रिल २०२४ ला त्यांचे झाले होते १,३८,०००.

एक विमा प्रतिनिधी घरी आला. म्हणाला, 'ताई, तीन वर्षांत फक्त १५ टक्के. म्हणजे वर्षाला पाच. हे काढा आणि माझ्याकडे भरा, पैसे दुप्पट करून देतो.' ताईंनी फंडातून पैसे काढायचा अर्ज भरलासुद्धा होता. त्या माणसाने भागाकार बरोबर केला होता, एवढंच मी त्याच्या बाजूने म्हणेन.

हे पैसे तीन वर्षं फंडात नव्हते. तीन वर्षं होते ते फक्त पहिले १०,०००. निम्मे पैसे, म्हणजे भिशीचे ६०,०००, तर जेमतेम सहा महिने होते. वहीत मांडून बघा: दहा हजार तीन वर्षं, दहा हजार अडीच वर्षं, दहा हजार दोन वर्षं, तीस हजार सव्वा वर्ष, साठ हजार अर्धं वर्ष. रुपये गुणिले वर्षं करून बेरीज केली आणि १,२०,००० ने भागलं, तर प्रत्येक रुपया सरासरी एक वर्ष आणि सव्वादोन महिने फंडात होता. म्हणजे १५ टक्के मिळाले ते तीन वर्षांत नव्हे, सव्वाचौदा महिन्यांत.

एक्सआयआरआर म्हणतात तो याच विचाराचा पक्का, चक्रवाढीचा हिशोब. नाव अवघड आहे, काम सोपं. तो विचारतो: असा कोणता एकच वार्षिक दर आहे, की तुझा प्रत्येक हप्ता त्याच्या त्याच्या तारखेपासून त्या दराने वाढवला तर आज नेमकी तुझ्या खात्यातली रक्कम तयार होईल? हे सूत्रात सरळ सोडवता येत नाही. संगणक एक दर धरून बघतो, बेरीज कमी आली तर दर वाढवतो, जास्त आली तर कमी करतो, जुळेपर्यंत.

आपणही ताडून बघू शकतो. १२ टक्के धरा. पहिले दहा हजार तीन वर्षांत होतात १४,०४९. दुसरे अडीच वर्षांत १३,२७५. तिसरे दोन वर्षांत १२,५४४. तीस हजार सव्वा वर्षात ३४,५६६. साठ हजार सहा महिन्यांत ६३,४९८. बेरीज १,३७,९३२. खात्यात होते १,३८,०००. म्हणजे दर १२ च्या किंचित वर. ताईंना पाच टक्के सांगितले गेले होते.

हे करायला कुणाच्या पाया पडायची गरज नाही. मोबाइलवर गुगल शीट्स किंवा एक्सेल असेल तर एका रकान्यात तारखा, शेजारी रकमा. खिशातून गेलेले पैसे उणे चिन्हाने, खिशात आलेले अधिक. सगळ्यात शेवटी आजची तारीख आणि आज खात्यात असलेली रक्कम, जणू आजच सगळे काढले असं समजून.

```
2021-04-10   -10000
2021-10-10   -10000
2022-04-10   -10000
2023-01-10   -30000
2023-10-10   -60000
2024-04-10   138000

=XIRR(B1:B6, A1:A6)
```

उत्तर ०.१२ च्या आसपास दिसेल, ते टक्केवारीत बदलून घ्या. मधे कधी पैसे काढले असतील तर त्या तारखेला अधिक चिन्हाने लिहायचे. डिव्हिडंड बँकेत जमा झाला असेल तर तोही. तारखा आठवत नसतील तर कॅम्स किंवा केफिनटेककडून ईमेलवर एकत्रित खातेउतारा मागवा, त्यात प्रत्येक व्यवहार तारखेसह असतो.

चूक कुठे होते? शेवटची रक्कम लिहायला विसरलात की `#NUM!` येतं, कारण सगळे आकडे उणेच राहतात. हे बरं, निदान कळतं तरी. वाईट चूक तारखेची. शीटची मांडणी अमेरिकन पद्धतीची असेल तर 10/04/2021 लिहिल्यावर ती दहा एप्रिल न समजता चार ऑक्टोबर समजते. उत्तर येतं, टक्केवारीही दिसते, पण पूर्ण चुकीची, आणि कुठेही लाल खूण दिसत नाही. म्हणून वर लिहिल्यासारखं आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असंच लिहा. खात्री करायची असेल तर तारखेचा रकाना महिन्याचं नाव दिसेल अशा रूपात बदलून एकदा नजर फिरवा.

आता त्या 'दुप्पट' पॉलिसीकडे वळू. प्रतिनिधीने ताईंना दाखवलेला कागद मी बघितला. वर्षाला ५०,००० रुपये, वीस वर्षं, शेवटी अंदाजे २० लाख. त्यातला बोनसचा भाग खात्रीचा नव्हताच, पण तो मिळालाच असं धरू. एक्सआयआरआर येतो ६.२ टक्के. म्हणजे ज्याला ताईंच्या फंडाचे 'फक्त पाच टक्के' खटकले, त्याची योजना सगळं सुरळीत झालं तरी सव्वासहा टक्क्यांची. फंडाला त्याने वर्षांनी भागलेला आकडा लावला आणि स्वतःच्या पॉलिसीला निव्वळ परतावा लावला. दोन मापं वापरली. माझा राग पॉलिसीवर नाही, या दोन मापांवर आहे.

आणि हे फक्त विमावाले करतात असं नाही. दुसऱ्या बाजूचे रील्सवाले पण कमी नाहीत. 'दहा लाखांचे वीस वर्षांत वीस लाख, म्हणजे साडेतीन टक्के, फेकून द्या पॉलिसी!' असं ओरडणारे व्हिडिओ आपल्या सगळ्यांच्या ग्रुपवर फिरतात. तेही खोटंच गणित. दहा लाख पहिल्या दिवशी भरलेच नव्हते, वीस हप्त्यांत भरले. खरा दर ६.२. असा व्हिडिओ बघून कुणी चौदा-पंधरा वर्षं भरलेली पॉलिसी मोडली तर सरेंडरमध्ये जे जातं ते जातंच. शिवाय अशा पॉलिसीत विम्याचं संरक्षण असतं, अटीत बसली तर मिळणारी रक्कम करमुक्त असते, आणि मुदत ठेवीच्या व्याजावर कर असतो. हे सगळं धरून तुलना करा ना. मग कमी वाटली तर कमी म्हणा. आणि जी पॉलिसी अर्ध्याहून जास्त भरून झाली आहे, तिचा जुना हिशोब काढून रडण्यात अर्थ नाही. आज सरेंडर केल्यावर मिळणारी रक्कम आज गुंतवली असं समजा, पुढचे हप्ते त्यांच्या तारखांना लिहा, शेवटी मिळणारी रक्कम लिहा, आणि इथून पुढचा एक्सआयआरआर काढा. निर्णय त्या आकड्यावर घ्यायचा. जे भरून झालं ते झालं.

फंडवाल्यांनीही फार खूश होऊ नये. एक वर्षापेक्षा जास्त काळाचा परतावा जाहिरातीत चक्रवाढ वार्षिक दराने दाखवायचा, असा सेबीचा नियम आहे आणि तो चांगलाच आहे. पण तो दर फंडाचा असतो, पहिल्या दिवशी एकरकमी टाकून हात न लावणाऱ्याचा. तुमच्या माझ्या हप्त्यांचा नाही. फॅक्टशीटमध्ये एसआयपीचा तक्ता वेगळा असतो, तो बघायला कुणी सांगत नाही.

एक्सआयआरआर म्हणजे ब्रह्मवाक्य असंही समजू नका. मी तो आकडा दाखवल्यावर ताईंच्या मुलाने लगेच मोबाइल उचलून मित्रांना '१२ टक्के' सांगायला सुरुवात केली, त्याला तिथेच थांबवलं. त्यांचे निम्मे पैसे फक्त सहा महिन्यांचे होते. पुढच्याच महिन्यात बाजार दहा टक्के पडला असता, तर १,३८,००० चे १,२४,२०० झाले असते आणि तोच एक्सआयआरआर पावणेतीन टक्क्यांच्या आसपास आला असता. एका महिन्यात १२ चे पावणेतीन! हप्ते ताजे असले की हा आकडा असा उड्या मारतो. वर्षाच्या आतल्या पैशाला तर तो लावूच नये. दहा हजाराचे पंधरा दिवसांत १०,२०० झाले, तर एक्सआयआरआर ६२ टक्के दाखवतो, कारण तो समजतो की असे पंधरवडे वर्षभर येणार. काही ॲपवर नवीन गुंतवणूकदाराला हिरव्या रंगात असले आकडे दिसतात आणि तो आणखी पैसे ओततो. वर्षाच्या आत असेल तर निव्वळ परतावा बघा, २ टक्के मिळाले म्हणा आणि गप्प बसा. तिथे तो आकडा प्रामाणिक असतो.

आणि १२ विरुद्ध ६.२ ही नुसत्या दराची तुलना पण पुरेशी नाही. एकात चढउतार आहेत, दुसऱ्यात फारसे नाहीत. ताईंना दोन वर्षांनी मुलीच्या कॉलेजची फी भरायची आहे, ते पैसे शेअर बाजारातल्या फंडात ठेवावेत असं मी म्हटलं नाही. शेवटी त्यांनी स्वतः ठरवलं: फीपुरते मुदत ठेवीत, बाकीचे राहू दिले, पॉलिसी घेतली नाही. कुणाचा सल्ला ऐकायचा तो त्यांचा प्रश्न. पण ठरवताना आकडा खरा हवा होता, तो आधी मिळाला नव्हता.

आता आपल्या गावचा विषय. पतसंस्थांच्या वार्षिक सभा येतायत. मी ज्या संस्थेचा सभासद आहे तिच्या सचिवांकडे मी लेखी विषय दिलाय. मागणी एवढीच: ठेवीच्या प्रत्येक फ्लेक्सवर आणि पत्रकावर 'दामदुप्पट' या शब्दाच्याच आकाराच्या अक्षरात महिने लिहा, आणि शेजारी दसादशे चक्रवाढ दर लिहा. १०० महिन्यांत दुप्पट असेल तर ८.६७ टक्के असं लिहा, लाज कसली त्यात? आणि आवर्ती ठेव, दैनिक ठेव, जिथे पैसे हप्त्याहप्त्याने येतात, तिथे मुदतपूर्तीची रक्कम एक्सआयआरआरसह छापा. दैनिक ठेवीचा पिग्मी एजंट रोज टपरीवर येऊन पैसे नेतो, त्या टपरीवाल्याला वर्षाअखेर खरा दर किती पडला हे आजवर कुणी सांगितलेलं नाही.

'लोकांना टक्के कळत नाहीत, दुप्पट कळतं,' असं उत्तर मला एका संचालकांनी तोंडी दिलं. ज्या ताई भिशीतला कोणता नंबर फायद्याचा हे तोंडावर सांगतात, त्यांना टक्के कळत नाहीत म्हणे. सभेला ज्यांना यायचं असेल त्यांनी गेल्या वर्षीचं ठेवपत्रक सोबत आणा. त्यावर महिने कुठे छापलेत ते आपण सभेतच शोधू.